तारीख पुढची द्या, साहेब

मराठी घरात इंग्रजीतून पत्र लिहायची वेळ आली की घरातला सर्वांत वयस्कर निवृत्त माणूस चष्मा शोधू लागतो. पत्र वीज कंपनीला जाणार आहे की अमेरिकेतल्या विद्यापीठाला, याने त्याला काही फरक पडत नाही. त्याच्यासाठी जगात एकच कार्यालय असतं, त्यात एकच साहेब बसलेला असतो आणि तो विनवणीने पाघळतो.

जुलैअखेरीपासून या चष्म्यांना मागणी फार. चिरंजीवांना एमएससाठी अमेरिकेत प्रवेश मिळालेला असतो. हाती विद्यापीठाचा आय-२० असतो, बँकेचं कर्जमंजुरीपत्र असतं, बॅगा आणलेल्या असतात, मेतकूट आणि भाजणीची पाकिटं सीलबंद असतात. नसतो तो फक्त व्हिसा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीचा स्लॉट मिळालेला असतो, पण तो तिकडे वर्ग सुरू झाल्यानंतरचा. मग घरात बैठक भरते. मामा येतात. ज्यांचा मुलगा टेक्सासला असतो ते शेजारचे काका येतात, त्यांना येणं भागच असतं. ठराव एकमताने मंजूर होतो: युनिव्हर्सिटीला मेल टाक, म्हणावं जॉइनिंग डेट पुढे ढकला.

आणि मेल तयार होते. विषय: 'अत्यंत तातडीची विनंती', पुढे तीन उद्गारचिन्हं. मायना: आदरणीय महोदय किंवा महोदया. पहिल्या परिच्छेदात चिरंजीवांचं बालपणापासूनचं स्वप्न. दुसऱ्यात विद्यापीठाची थोरवी, म्हणजे विद्यापीठाच्याच संकेतस्थळावरून उचललेली. तिसऱ्यात घरची परिस्थिती, वडिलांनी घर तारण ठेवलं इथपासून. चौथ्यात 'काही अपरिहार्य कारणांमुळे' मी वेळेवर येऊ शकत नाही, तरी जॉइनिंग डेट पुढे ढकलावी. पाचव्यात आपला मी आजन्म ऋणी राहीन. शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी.'

एवढं सगळं वाचून झाल्यावर तिकडच्या कर्मचाऱ्याला काय कळतं? काहीच नाही. अर्जक्रमांक नाही. कोणत्या विभागात, कोणत्या पदवीला प्रवेश, ते नाही. कारण 'अपरिहार्य' आहे, म्हणजे कोणतं ते नाही. आणि सर्वांत गंमत म्हणजे तारीख पुढे ढकला म्हटलंय, पण कुठली तारीख, आणि ढकलून कुठे न्यायची, तेही नाही. ऑगस्टमध्ये अशा मेलांचा ढीग ज्याच्यासमोर असतो तो माणूस शांतपणे तयार उत्तर चिकटवतो: आपली मेल मिळाली, कृपया आपला अर्जक्रमांक कळवा. चिरंजीवांचे दोन दिवस गेले. आठवड्यातल्या सुट्ट्या मध्ये आल्या तर चार.

आता तारखेचंच बघू, कारण सगळी गोची तिथे आहे. आपल्याकडे कॉलेज सुरू होतं त्या दिवशी गेलं काय, गणपती झाल्यावर गेलं काय, हजेरी नंतर भरून निघते. तिकडे तारखा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा मालक वेगळा आहे. आय-२० वर छापलेली असते ती अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख. ती विद्यापीठाने अमेरिकी सरकारच्या सेव्हिस नावाच्या संगणकी नोंदवहीत भरलेली असते, आणि व्हिसा अधिकारी तीच बघतो. दुसरी तारीख विद्यापीठाची स्वतःची: फार तर अमुक दिवसापर्यंत उशिरा आलात तरी चालेल. बहुतेक ठिकाणी ही सवलत आठ-पंधरा दिवसांची असते, कारण त्यानंतर विषय बदलायची मुदतही संपते आणि पहिली असाइनमेंटही होऊन जाते. तिसरी तारीख आपल्या वकिलातीतल्या मुलाखतीची.

'उशिरा येतो' आणि 'पुढच्या सत्रात येतो' या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीला तिकडे लेट अरायव्हल म्हणतात, दुसरीला डिफरल. पहिली बहुधा परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय निकालात काढतं, कधीकधी एका मेलवर. दुसरीसाठी विभागाची संमती लागते, फॉर्म असतो, त्याची मुदत असते आणि नकारही असतो. चिरंजीवांची 'जॉइनिंग डेट पुढे ढकला' ही मेल या दोहोंच्या बरोबर मध्ये पडते. म्हणजे कुणाच्याच टेबलावर पडत नाही.

एक नमुना घेऊ. समजा आय-२० वरची तारीख आहे २४ ऑगस्ट. विद्यापीठ म्हणतं, ४ सप्टेंबरपर्यंत पोहोचा. मुंबईचा स्लॉट मिळालाय १५ सप्टेंबरचा. इथे लेट अरायव्हल मागण्यात अर्थच नाही, कारण मुलाखत होईपर्यंत ती मुदतही उलटून गेलेली असेल. वर पासपोर्टवर शिक्का बसून तो हातात यायला आणखी काही दिवस. म्हणजे मागायचं ते डिफरल, आणि तेही नाव घेऊन: जानेवारीचं सत्र की पुढचा ऑगस्ट. आता उलटं समजा, स्लॉट २० ऑगस्टचा असता, तर डिफरल मागणं हा शुद्ध उतावीळपणा झाला असता. तिथे लेट अरायव्हलची परवानगी मागावी, मिळाली तर नव्या तारखेचा आय-२० किंवा पत्र घ्यावं आणि विमानात बसावं. तीन तारखा एका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिल्या की कोणती मेल लिहायची ते आपोआप ठरतं. पण चिटोरा कोण घेणार? घरात सगळ्यांचं लक्ष 'आजन्म ऋणी'च्या स्पेलिंगवर.

याच नमुन्यात सर्वांत महागडी चूक काय होते, तर निराश होऊन स्लॉट रद्द केला जातो. 'आता सप्टेंबरचा स्लॉट घेऊन काय करायचं, कॉलेज तर सुरू होऊन गेलं!' थांबा. विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो. डिफरल होऊन नव्या आय-२० वर ११ जानेवारी ही तारीख आली, तर १५ सप्टेंबरची मुलाखत छान चालते. पुढच्या वर्षीची २३ ऑगस्ट आली तरी हिशेब ३४२ दिवसांचा होतो, तोही बसतो. जो स्लॉट या सत्रासाठी निकामी आहे तोच पुढच्या सत्रासाठी सोन्याचा आहे. रद्द केलात की पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला. फक्त अट एक: मुलाखतीच्या खिडकीपाशी हातात नवा आय-२० हवा. जुना, २४ ऑगस्टचा, घेऊन १५ सप्टेंबरला गेलात तर अधिकारी होऊन गेलेल्या तारखेवर व्हिसा देणार नाही. म्हणून मेल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाही. विभागाने हो म्हणायला काही दिवस, नवा आय-२० निघायला आणखी काही.

उशीर करण्यात दुसराही धोका आहे. विद्यार्थी आला की नाही याची नोंद विद्यापीठाने सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत सेव्हिसमध्ये करायची असते. आलाही नाही आणि काही बोललाही नाही, अशाचं रेकॉर्ड पुढे रद्द होतं. वेळेत डिफरल मागितलं तर त्याच रेकॉर्डमधली तारीख सरकवता येते आणि सेव्हिस क्रमांक तोच राहतो. तो क्रमांक आय-२० वर वरच्या बाजूला असतो, N या अक्षराने सुरू होणारा. क्रमांक तोच राहिला तर त्यावर भरलेली ३५० डॉलरची सेव्हिस फी तशीच लागू राहते. रेकॉर्ड रद्द होऊन नवा क्रमांक आला की फी नव्या क्रमांकावर वळवून घेण्याचा खटाटोप मागे लागतो, आणि व्हिसा आधीच मिळालेला असेल तर त्यावरचा क्रमांक एक, हातातला दुसरा, अशी विमानतळावर उत्तरं देण्याची सोय होते. मामांनी मेलमध्ये सगळं लिहिलं, हा क्रमांक तेवढा राहिला.

आता कारणाकडे येऊ. इथे प्रवेश होतो कन्सल्टंटचा. गावोगावी चौकात ज्यांचे फलक असतात आणि फलकावर टोपी उडवणारी गोरी मुलं असतात, ते हे. काही चांगले असतात, हेही सांगितलं पाहिजे. पण काहींचा सल्ला ठरलेला: 'व्हिसाचं कारण देऊ नका, इम्प्रेशन वाईट पडतं. मेडिकल टाका.' की लगेच ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला येतो. चिरंजीवांना कावीळ होते, किंवा आजी अंथरुणाला खिळते. आजी बिचाऱ्या त्याच वेळी स्वयंपाकघरात लाडू वळत असतात.

इम्प्रेशन वाईट पडतं म्हणे! परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या कार्यालयाला व्हिसाचा उशीर हे कारण पावसाळ्यात छत्री विसरण्याइतकं ओळखीचं आहे. २७ मे २०२५ ला अमेरिकी परराष्ट्र खात्याने जगभरातल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवायला सांगितलं, तेही ऐन हंगामात. जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू झालं, पण सोबत नवी अट घेऊन: अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली हवीत. त्या सप्टेंबरमध्ये आणखी एक दार लागलं. आपल्याकडे स्लॉट नाही म्हणून सिंगापूर नाहीतर दुबई गाठायची जी युक्ती होती तिला लगाम बसला. मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच घ्या असं सांगण्यात आलं. हे सगळं विद्यापीठांना आपल्याआधी कळलेलं असतं. त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, त्यांची फी बुडते, त्यांना काळजी तुमच्या मामांपेक्षा जास्त असते.

शिवाय व्हिसाच्या कारणाचा पुरावा किती सोपा! अपॉइंटमेंटचं एक पान जोडलं की झालं, तारीख छापलेली आहे. काविळीचं कारण दिलंत की डॉक्टरांचं पत्र मागतात, कधी बरे झाल्याचा दाखला मागतात. आणि समजा महिन्याभराने वकिलातीत विचारलं, 'गेल्या सत्रात का नाही गेलात?', तर चिरंजीव घाबरून खरं सांगतात, की स्लॉट नव्हता. विद्यापीठाच्या फायलीत कावीळ, वकिलातीच्या फायलीत स्लॉट. खोटं बोलायची गरज नसताना बोललेलं खोटं सांभाळायला सगळ्यांत जड.

व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही सरळ लिहावं. कलम २१४(ब) खाली नकार आलाय, पुन्हा मुलाखत देणार आहे, म्हणून पुढचं सत्र हवं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या कलमाचा अर्थ एवढाच, की अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. पुन्हा अर्ज करता येतो. मुलाखत झाली पण कागद तपासणीत अडकलेत, म्हणजे २२१(ग), तर तसं. दोन्ही वेळा अधिकारी एक चिठ्ठी हातात देतो, तिचा फोटो जोडावा.

एक कारण मात्र लिहू नये आणि मनातही ठेवू नये: दुसऱ्या, जास्त नावाजलेल्या विद्यापीठाचं उत्तर यायचंय, तोवर ही जागा धरून ठेवू. अनेक विद्यापीठांच्या डिफरलच्या अटींत स्पष्ट असतं, की मधल्या काळात दुसरीकडे पदवीसाठी नाव घालायचं नाही. घातलंत तर हा प्रवेश गेला. नोकरी करा, शेती करा, घरी बसून आजींचे लाडू खा, चालतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरायची विद्या तिकडे चालत नाही, एवढंच.

मेल पाठवायची कुणाला, हाही प्रश्न आपण फार मोकळ्या हाताने सोडवतो. प्रवेश कार्यालय, विभागप्रमुख, एक प्राध्यापक ज्यांच्या संशोधनाचं आपण एसओपीत कौतुक केलं होतं ते, परदेशी विद्यार्थी कार्यालय आणि कुलगुरू, सगळे एकाच मेलवर. परिणाम असा की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल. वास्तविक कामं वाटलेली आहेत. पदव्युत्तर प्रवेशात डिफरल द्यायचं की नाही हे बहुधा विभागाच्या हातात असतं. प्रवेश कार्यालय ते नोंदवतं. परदेशी विद्यार्थी कार्यालय नवा आय-२० काढतं. शिष्यवृत्ती आणि असिस्टंटशिप यांचा कारभार तिसरीकडे. तेव्हा आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर डिफरलचा फॉर्म आहे का ते पाहावं. असला तर मेलऐवजी फॉर्म भरावा. नसला तर प्रवेशपत्र ज्या पत्त्यावरून आलं त्या पत्त्यावर, ज्या मेलवरून अर्ज केला त्याच मेलवरून, एकच मेल पाठवावी. नाव पासपोर्टवर आहे तसं लिहावं. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, अर्जात ते गाळलेलं आणि मेलच्या पत्त्यात 'रॉकस्टार' असतं. तिकडच्या माणसाला हे तीन वेगळे विद्यार्थी वाटतात आणि त्याचं काही चुकत नाही.

आता पैसे, कारण डिफरल मंजूर झालं की घरात पेढे वाटतात आणि पैशांचं नंतर कळतं.

प्रवेश पुढे सरकतो, पण त्याला लटकलेलं सगळंच सरकत नाही. शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप मिळालेली असेल तर ती त्या सत्रापुरती असते. पुढे पुन्हा मिळेल असं नसतं. फी नव्या वर्षाच्या दराने लागते. प्रवेश नक्की करताना भरलेली अनामत काही ठिकाणी पुढे धरतात, काही ठिकाणी बुडते. आणि जानेवारी मागताना हे विचारायलाच हवं, की विभाग जानेवारीत नवे विद्यार्थी घेतो का. काही अभ्यासक्रम फक्त ऑगस्टला सुरू होतात. काही ठिकाणी घेतात, पण पायाचे विषय ऑगस्टमध्येच शिकवतात, मग जानेवारीत आलेला मुलगा दुसऱ्या भागापासून सिनेमा बघायला बसल्यासारखा बसतो. म्हणून 'जानेवारी चालेल का, नसेल तर पुढचा ऑगस्ट' असं एका वाक्यात क्रमाने मागावं. दोनदा मेल करायला लागत नाही.

पण सर्वांत जास्त पैसे जिथे बुडतात ती जागा वेगळीच आहे. चिरंजीवांनी जुलैमध्येच हौसेने ऑगस्टच्या विषयांसाठी नाव नोंदवलेलं असतं, कारण चांगले विषय लवकर भरतात. विद्यापीठाच्या लेखी ते विद्यार्थी झाले, त्यांच्या नावाने फीचं बिल निघालं. नंतर डिफरलची मेल गेली. मेल प्रवेश कार्यालयात, विषयनोंदणी रजिस्ट्रारकडे. डिफरलचं बोलणं चाललंय तोवर सत्र सुरू होतं, आणि पूर्ण फी परत मिळण्याची मुदत, जी बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसाच्या आसपास असते, निघून जाते. चिरंजीव नाशकात घरी, आणि त्यांच्या नावावर हजारो डॉलरची थकबाकी न्यूजर्सीत. पोर्टलवर खात्यात तांबडं बिल दिसायला लागलं, की समजावं हे झालंय. तेव्हा डिफरलची मेल पाठवायच्या आधी, किंवा निदान त्याच दिवशी, घेतलेले विषय पोर्टलवरून सोडून द्यावेत, आणि प्रणाली सोडू देत नसेल तर तसं मेलमध्ये लिहावं. हे मामा सांगत नाहीत. काकांच्या टेक्सासच्या मुलाला वेळेवर व्हिसा मिळाला होता, त्यामुळे तेही सांगत नाहीत.

बँकेलाही त्याच दिवशी कळवायचं. पहिला हप्ता विद्यापीठाकडे निघून गेला तर व्याजाचं मीटर सुरू होतं, मुलगा वर्गात असो की ओट्यावर. मंजुरीपत्राला मुदत असते; नवी तारीख आली की नव्या आय-२० सह ती वाढवून घ्यावी लागते. विद्यापीठही नवा आय-२० काढताना पैशांचे ताजे पुरावे मागू शकतं, कारण खर्चाचा अंदाज वाढलेला असतो. आणि पुढचा ऑगस्ट घेत असाल तर आयईएल्टीएसच्या निकालावरची तारीख बघा. तो दोनच वर्षं धरतात. जीआरईचा पाच वर्षं चालतो, तो बसला तरी चालेल पडून.

हे सगळं अमेरिकेचं झालं. जर्मनीला जाणाऱ्यांनी यावर भरवसा ठेवू नये. तिथल्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशपत्र बहुधा त्या सत्रापुरतंच असतं. पुढच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज. ते निष्ठुर नसतात, बहुतेकांनी मुळात फीच घेतलेली नसते, त्यामुळे तुम्हाला धरून ठेवायचं त्यांना काही पडलेलं नसतं. इंग्लंडला कॅस नावाचा क्रमांक असतो, तो व्हिसासाठी सहा महिने चालतो आणि एका सत्राला बांधलेला असतो. सत्र बदललं की नवा कॅस.

आता ती मेल. विषयाच्या ओळीत: डिफरलची विनंती, ऑगस्टवरून जानेवारी, पदवी, अर्जक्रमांक. पुढे एवढंच:

'माझं नाव (पासपोर्टप्रमाणे) अमुक. अर्जक्रमांक अमुक, सेव्हिस क्रमांक अमुक. ऑगस्टच्या सत्रासाठी अमुक विभागात एमएसला मला प्रवेश मिळाला आहे. माझी व्हिसा मुलाखत मुंबईत १५ सप्टेंबरला आहे. त्याआधीचा स्लॉट मिळत नाही. अपॉइंटमेंटचं पान जोडलं आहे. ४ सप्टेंबरच्या अंतिम मुदतीपर्यंत मी पोहोचू शकत नाही, म्हणून माझा प्रवेश जानेवारी सत्रापर्यंत पुढे नेण्याची विनंती आहे. ते शक्य नसेल तर पुढच्या ऑगस्टपर्यंत. ऑगस्टसाठी घेतलेले विषय मी आज सोडले आहेत. तीन गोष्टी कृपया कळवा: माझी अनामत पुढे धरली जाईल का, शिष्यवृत्तीचं काय होईल, आणि नवा आय-२० याच सेव्हिस क्रमांकावर निघेल का. मुलाखतीआधी, म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत, तो मिळाला तर फार मदत होईल. आभारी आहे.'

संपली. बालपण नाही, थोरवी नाही, ऋण नाही. घरच्यांना ही मेल वाचून दाखवली की ते नाराज होतात. 'अरे, किती कोरडं! जरा वडिलांचं लिहायचं होतंस.' वडिलांचं लिहून काय होणार? वाचणाऱ्याच्या हातात दयेचा कोटा नाही. त्याच्या हातात एक पडदा आहे, त्यावर रकाने आहेत आणि वरच्या मेलमधलं प्रत्येक वाक्य एकेका रकान्यात जातं. दया असलीच तर ती अशी, की अशी मेल तो पुढच्या टेबलावर लगेच ढकलू शकतो.

चार कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळींची आठवण करावी. नवी मेल, नवा विषय, नवी कहाणी सुरू करू नये. उत्तर आलं की ते नीट वाचावं. 'आम्ही आपली विनंती विभागाकडे पाठवली आहे' म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरी म्हणजे नवं प्रवेशपत्र, नव्या सत्राचं नाव असलेलं. त्यानंतर नवा आय-२०. तो आला की आधी N चा क्रमांक जुळतो का पाहावं, मग तारीख, मग स्वतःच्या नावाचं स्पेलिंग. डीएस-१६० अर्ज नव्याने भरावा लागला तर त्याचा क्रमांक अपॉइंटमेंटच्या नोंदीतही बदलून घ्यावा, नाहीतर वकिलातीच्या दारातून परत पाठवतात. आणि तिकीट काढताना, नव्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत शिरता येतं. आपल्या नमुन्यात ११ जानेवारीचं सत्र, म्हणजे १२ डिसेंबरच्या आधी नाही. ख्रिसमसची सूट मिळाली म्हणून नोव्हेंबरचं तिकीट काढणारे वीर पाहण्यात आहेत.

राहता राहिले तीर्थरूप. मुलाच्या मेलला उत्तर येईना म्हणून ते रात्री साडेआठला, तिकडची सकाळ गाठून, थेट फोन लावतात. अमेरिकेत १९७४ सालच्या कायद्याने, मुलगा अठराचा झाला किंवा कॉलेजात गेला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. मुलगा अजून तिथे पोहोचायचा असला तरी कार्यालयं पालकांशी तीच शिस्त पाळतात. पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात सांगते, की या अर्जाविषयी मी फक्त अर्जदाराशी बोलू शकते. तीर्थरूप म्हणतात, फी मी भरतोय. ती म्हणते, आपला दिवस शुभ जावो. मग फोन ठेवून ते स्वतःच्या मेलवरून, मुलाच्या नावाने, थोडी वेगळी कारणं देऊन दुसरी मेल टाकतात, आणि फायलीत एकाच मुलाच्या दोन कहाण्या जाऊन पडतात.

तेव्हा पालकांना नम्र विनंती. घर तुमचं, कर्ज तुमचं, मुलगाही तुमचाच. पण मेल त्याला लिहू द्या, आणि तुम्ही तेवढ्या वेळात बँकेत जाऊन पहिला हप्ता थांबवून या.